मिनिटभर थांबलेलं पाणी

दौंडला आमचं घर आणि अम्मांचं घर यांत एकच भिंत. अम्मा मूळच्या तमिळनाडूकडच्या. आप्पा, म्हणजे त्यांचा नवरा, रेल्वेत गार्ड होते. बदलीवर इकडे आले आणि इथलेच झाले. आप्पांना जाऊन सहा वर्षं झाली होती. अम्मा एकट्या राहायच्या, म्हणून त्यांच्या दाराची एक चावी माझ्याकडे असायची.

मी इनामगावची, चहावर वाढलेली. कॉफीची चटक लागली ती लग्नानंतर, तीही इन्स्टंटची. कपात पावडर, वर गरम दूध, चमचा फिरवला की झालं. अम्मांना ते बघवत नसे. त्यांचं म्हणणं, ती पावडर म्हणजे कारखान्यात कुणीतरी आधीच काढून वाळवलेली कॉफी, तू नुसती विरघळवतेस. त्यांचा पितळी फिल्टर रोज दुपारी तीनला खाली निघे. वरच्या भांड्यात कॉफीची भुकटी, तिच्यावर हलक्या हाताने ठेवलेली चकती. पाणी उकळलं की गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं, बुडबुडे बसले की ओतायचं, आणि मग वीसेक मिनिटं हात म्हणून लावायचा नाही. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, थेंबाथेंबाने खाली उतरतं. माझ्यासारख्या उतावळीला ही शिक्षाच होती. पण मी रोज जाऊन बसायचे, कारण त्या वीस मिनिटांत अम्मा बोलायच्या.

आप्पांना मात्र ते एक मिनिट कधी जमलं नाही. गाडी सुटत असल्यासारखं खळखळतं पाणी ते थेट भुकटीवर ओतायचे आणि डिकॉक्शन कडूजहर व्हायचं. पहिल्या घोटालाच अम्मा ओळखायच्या आणि भांडण सुरू व्हायचं. इन्स्टंटमध्ये असलं काही नाही. कुणीही केली तरी ती तशीच लागते.

गेल्या थंडीत एकदा मी सकाळच्या एसटीने शिरूरला बहिणीकडे गेले आणि तीनच्या सुमारास परत आले. अंगात त्राण नव्हतं. म्हटलं, आज अम्मांकडे नको, आपली दोन मिनिटांची कॉफी घ्यावी आणि आडवं व्हावं. दूध गॅसवर ठेवलं आणि खिडकीतून डिकॉक्शनचा वास आला. नेहमीपेक्षा उग्र, नाकात बसणारा. मला मोह झाला. गॅस बंद केला आणि गेले.

बेल वाजवली, हाका मारल्या. दार उघडेना, तेव्हा चावी लावली. घरात इतकं शांत होतं, की फिल्टरचे थेंब ऐकू येत होते. मी झाकणाला हात लावला आणि चटका बसला. फडक्याने झाकण उचलून पाहिलं. वरचं पाणी अजून अर्ध्याहून जास्त होतं, वाफ येत होती. म्हणजे पाणी ओतून चार-पाच मिनिटंच झाली असतील. मला हायसं वाटलं. अम्मा इथंच आहेत, उभ्या आहेत, ठीक आहेत.

मागचं दार आतून बंद होतं. बाथरूमचं दार नुसतं लोटलेलं होतं.

अम्मा फरशीवर पडल्या होत्या. साडी ओली, ओठ निळे, हात बर्फासारखे. एक पाय विचित्र वळला होता, म्हणून मी त्यांना उचललं नाही. अँब्युलन्सला फोन केला, घरातली सगळी पांघरुणं आणून अंगावर घातली आणि डोकं मांडीवर घेतलं. बडबड केल्याशिवाय मला धीर निघेना. कॉफी मांडून असं घाईने इकडे कशाला यायचं, म्हणून मी त्यांना रागावलेसुद्धा.

अम्मांनी डोळे उघडले.

"कॉफी कुठली? सकाळी आठपासनं हितंच पडले हाय मी."

स्वयंपाकघरात थेंब पडतच होते.

त्यांनीही ते ऐकले असावेत. थोडं आण म्हणाल्या. मला उठायची भीती वाटत होती, हे कबूल करते. तरी गेले, वाटीत दोन चमचे डिकॉक्शन घेतलं. गॅसवरचं पातेलंही गरम होतं. अम्मांच्या जिभेवर मी चमच्याचं टोक टेकवलं. त्यांचं तोंड वाकडं झालं आणि मग कितीतरी वेळाने त्या हसल्या.

"अजून थांबता येत न्हाई यांना."

संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. मी माझी दोन मिनिटांची कॉफी पिऊन झोपले असते, तर संध्याकाळच झाली असती.

अम्मा काठी घेऊन परत आल्या. आता तीनला पाणी मी ओतते. उकळी आली की गॅस बंद करते आणि मिनिटभर थांबते. त्या मिनिटात माझ्या पाठीशी कुणीतरी चुळबुळत असतं. मी वळून बघत नाही.