ताईंचं हेल्मेट

घरोघर जाऊन रक्ताचे नमुने घेणाऱ्या ताईंचा अर्धा दिवस स्कूटरवर जायचा. हेल्मेटखाली डोकं घामेजायचं, खाजायचं, वास मारायचं. केस तुटू नयेत म्हणून त्या रोज सकाळी चपचपीत तेल लावून ओल्या केसांचा घट्ट अंबाडा बांधायच्या, तरी ते तुटायचेच. शेवटी वैतागून त्या पार्लरमध्ये गेल्या. "बॉबकट कर बाई, एकदाची कटकट मिटव."

पार्लरवालीनं कंगव्यात आलेले तुटके केस तळहातावर घेतले. "ह्यांना मूळच नाही. म्हणजे गळत नाहीयेत, ओढून नि घासून मधेच तुटतायत." मग तिनं हेल्मेट हुंगलं आणि नाक मुरडलं. "आतलं अस्तर कधी धुतलंत?"

"ते निघतं?"

"घ्या. जगाचं रक्त तपासता आणि स्वतःचं हेल्मेट नाही?"

अस्तर साबणाच्या पाण्यात बुडवलं तसं पाणी चहासारखं झालं. पार्लरवालीनं कात्री बाजूला ठेवली. "सकाळचं तेल बंद. केस वाळवून सैल वेणी घाला, वर सुती टोपी. तरी खाज राहिली तर डॉक्टर गाठा."

अस्तर वाळेपर्यंत हेल्मेट घालता येईना. म्हणून ताई स्कूटर तिथंच ठेवून, केस मोकळे सोडून चालत घरी निघाल्या. वाटेत त्यांनी पाठीवरच्या केसांना दोनदा हात लावून पाहिला.