हद्दीबाहेरचा पावटा

माझ्या मुलीच्या हातात दुसऱ्याच्या गाडीची किल्ली पहिल्यांदा आली त्या सकाळी मी शेजारी उभी होते. किल्ली देणाऱ्या बाईंना आम्ही अक्का म्हणतो. त्या पुण्याकडच्या. इथे म्हैसूरला आमच्या गल्लीच्या टोकाला नवी इमारत झाली तेव्हा राहायला आल्या. नवराबायको दोघं कंपनीत जातात. मी त्यांचे ब्लाऊज शिवून देते, तेवढीच ओळख. त्यांच्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांना व्यायामासाठी दवाखान्यात नेऊन आणायला कुणीतरी हवं होतं. माझ्या मुलीला नुकतंच लायसन मिळालं होतं. तिनं गाडी चालवायची आणि मी मागे बसून आज्जींना धरायचं, असं ठरलं.

घरी मालकांना, म्हणजे मुलीच्या वडिलांना, हे पसंत नव्हतं. "शिलाईचं मशीन चालव म्हटलं तर हिला पाय दुखतात," ते म्हणाले, "आणि लोकांची गाडी चालवायला निघाली."

"मशीन जागेवरून हलत नाही ना, अप्पा," मुलगी म्हणाली.

अक्कांनी किल्ली देण्याआधी फोन उघडून तिला दाखवला. त्यावर म्हैसूरचा नकाशा होता आणि नकाशावर एक मोठा गोल.

"गाडी कुठे आहे ते मला इथे दिसतं. हा गोल म्हणजे हद्द. गाडी याच्याबाहेर पडली की मला मेसेज येतो. वेग साठच्या वर गेला तरी येतो."

"मग गाडी थांबते का अक्का?"

"छे, गाडी कशाला थांबेल? मला फक्त कळतं."

"म्हणजे चहाडी करते."

"हो, चहाडी करते," अक्का हसल्या. मग म्हणाल्या, "पण ऐक. मला न सांगता एकदा जरी हद्दीबाहेर गेलीस, तर किल्ली परत. आईंच्या बाबतीत मी धोका घेणार नाही."

आणखी एक गोष्ट होती. त्या दवाखान्यात जागा कमी, म्हणून दारातच एक माणूस किल्ली घेतो आणि गाडी नेऊन लावतो. गाडीतल्या पडद्यावर अक्कांच्या फोनमधली नावं, घराचा पत्ता, कुठे कुठे गेल्या ते सगळं असतं. अनोळखी माणसाला ते दिसू नये म्हणून दवाखान्याच्या दिवशी त्या पडदा बंद करून ठेवत. त्याला वॅले मोड म्हणतात. चार आकडे घातल्याशिवाय पडदा उघडत नाही. गाडी चालते, मागे घेताना मागचं दिसतं, पण गाणी नाहीत, रस्ता विचारता येत नाही, आलेला फोन गाडीतून घेता येत नाही.

"आकडे मला सांगाल?" मुलीनं विचारलं.

"नको. तुला माहीत नसले म्हणजे तुला कुणी विचारणार पण नाही."

घरी येऊन ती फुगून बसली. "कुलूप त्या पार्किंगवाल्यासाठी म्हणे. माझ्यासाठीच आहे." मला त्यात गैर वाटलं नाही. आमच्या शिलाईच्या दुकानात ओळखीच्या बायका सुद्धा कापड मोजून देतात आणि उरलेला तुकडा परत मागतात. त्याचा राग धरला तर शिवायचं कुणाचं?

पुढे सगळं सुरळीत चाललं. मुलगी गाडी चालवताना फोन गप्प करून पर्समध्ये टाकायची आणि पर्स माझ्याजवळ द्यायची. आज्जी बोलक्या होत्या. मी बोलत नाही हे त्यांना आवडायचं. मुलीला त्या पोरी म्हणत. "पोरी, ती बस तुझ्या पुढे गेली." मुलगी म्हणायची, "जाऊ दे आज्जी. तिला उशीर झालाय, आपल्याला नाही."

थंडीचे दिवस होते. त्या दिवशी दवाखान्यात गेलो तर व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या नव्हत्या. गाडी परत मागवली. आज्जी बसल्या आणि म्हणाल्या, "घरी नको इतक्यात. येलवालकडे चल. रस्त्याकडेला पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात म्हणे, शेतातल्या ताज्या."

मुलीनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी आज्जींकडे पाहिलं.

"अक्कांना विचारायला पाहिजे," मुलगी म्हणाली.

"सांगितलंय मी तिला सकाळीच. चल तू."

आता आज्जींनी सांगितलंय म्हटल्यावर वीस वर्षांची पोर काय बोलणार? गाडी हुणसूर रस्त्याला लागली. मुलगी डाव्या बाजूनं, सावकाश चालली होती. शहर मागे पडलं. हद्द कुठे संपली ते आम्हाला कळलं नाही. रस्त्यावर काही रेघ ओढलेली नव्हती.

येलवालच्या अलीकडे खरोखरच ढीग होते. झाडाखाली पोत्यावर हिरव्या शेंगा, आणि तो वास. पावट्याच्या शेंगेला तेलकट वास येतो, बोटांना लागला की जेवेपर्यंत जात नाही. आज्जी काठी घेऊन उतरल्या. विकणारी बाई मापानं घालायला निघाली तर तिला थांबवून एकेक शेंग दाबून बघू लागल्या. मराठीत म्हणत, "ही किडकी. ही पोचट." ती बाई कन्नडमध्ये म्हणत होती, "आज्जी, अशा निवडल्या तर संध्याकाळ होईल." दोघींना एकमेकींचं सगळं कळत होतं.

मी गाडीतच दार उघडून बसले होते. मुलीनं माझ्याजवळच्या पर्समधून फोन काढला आणि तिचा चेहरा बदलला. अक्कांचे फोन येऊन गेले होते, एकामागून एक. मेसेज होता: गाडी हद्दीबाहेर कशी? फोन का उचलत नाही? आई ठीक आहेत का?

"आज्जींनी सांगितलंच नाही," ती मला म्हणाली. तिनं लगेच फोन लावला तर तिकडे लागला नाही. तेवढ्यात आज्जींनी हाक मारली, "पोरी, हात दे गं, पाय अडकला." मुलीनं घाईघाईत इंग्रजी अक्षरांत चार शब्द लिहिले, पाठवले, फोन माझ्या मांडीवर टाकला आणि धावली.

तिनं लिहिलं होतं: आज्जी निधान. आम्ही येतो.

आमच्याकडे निधान म्हणजे हळू, सावकाश. शब्द कन्नडचा, पण आमच्या घरांत तो कधी आला कुणाला ठाऊक. 'निधान जा', 'निधान जेव', असं आम्ही मराठीतच बोलतो. आज्जी हळूहळू चालतायत, म्हणून वेळ लागतोय, एवढंच तिला सांगायचं होतं. पुण्याच्या माणसानं ते इंग्रजी अक्षरांत वाचलं तर त्याला एकच शब्द दिसणार: निधन.

फोन माझ्या मांडीवर थरथरायला लागला. मुलगी आज्जींना धरून उभी होती. मला फोनवर बोलायची सवय नाही, पण तो थांबेना. मी उचलला.

"कधी? कधी झालं?" अक्का रडत होत्या.

"काय झालं?" मी म्हणाले.

"मावशी, आई... डॉक्टरकडे नेलं का? तुम्ही रस्त्यात का थांबलायत? मला गाडी तिथेच दिसतेय!"

"आज्जी शेंगा निवडतायत."

"कोण निवडतंय?"

"आज्जी. पावटा. किडक्या बाजूला काढतायत."

मग मी फोन आज्जींच्या दिशेनं धरला. आज्जी त्या बाईशी भांडत होत्या, तो आवाज तिकडे पोचला असावा. फोन बंद झाला.

परतताना मी सांगितलं, अक्कांना आज्जी गेल्या असंच वाटलं होतं. आज्जी घाबरल्या. "लवकर चल गं. ती ऑफिसातून निघाली असेल."

"निधानच जाणार, आज्जी," मुलगी म्हणाली. "एक चहाडी झाली. आता साठची पण करू का?"

रस्ता मोकळा होता. ट्रक मागून हॉर्न देऊन पुढे जात होते. तिनं काटा वर जाऊ दिला नाही. तिचे डोळे भरले होते, पण हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. मी शेंगांची पिशवी पायात धरून बसले होते.

अक्का इमारतीच्या फाटकात उभ्या होत्या. डोळे सुजलेले. आधी त्यांनी सासूबाईंना हात देऊन उतरवलं, मग मुलीपुढे तळहात धरला.

"किल्ली."

मुलीनं दिली. आज्जींचं नाव तिनं घेतलं नाही. मी तोंड उघडणार होते, पण आज्जीच म्हणाल्या, "तिला काय विचारतेस? मी नेलं. सांगितलंय म्हणून खोटं बोलले."

"का पण, आई?"

"मेलेल्या माणसाला कसली परवानगी लागते गं?"

अक्कांना एकदम हसू आलं आणि त्यातच पुन्हा रडू आलं. पण किल्ली त्यांनी मुठीतून सोडली नाही. "घरी जा तुम्ही," एवढंच म्हणाल्या.

घरी मालकांनी काही विचारलं नाही. जेवताना मुलीला म्हणाले, "मशीनला तेल घालून ठेवलंय." ती उठून गेली.

दुसऱ्या दिवशी आज्जींनी आम्हा दोघींना पावटा सोलायला बोलावलं. अक्का टेबलापाशी फोन घेऊन बसल्या होत्या. "बस," त्या मुलीला म्हणाल्या. "काल मी सगळे मेसेज पाहिले. हद्दीचा कालचा एकच. वेगाचा एकही नाही, इतक्या दिवसांत. काल येताना तरी येईल असं वाटलं होतं मला."

मुलगी शेंगा सोलत राहिली.

"हद्दीचं काढून टाकते. तू फक्त सांगून जात जा."

मला वाटलं मुलीला आनंद होईल. ती शेंग सोलता सोलता थांबली. "काढू नका, अक्का. गोल मोठा करा हवा तर."

"का? तुला तर राग होता त्याचा."

"आज्जी मोठ्या आहेत. त्यांनी चल म्हटलं तर मला नाही म्हणता येत नाही. मेसेज जाईल म्हटलं की बोलता येतं."

"ऐका," अक्का सासूबाईंना म्हणाल्या.

आज्जींनी न ऐकल्यासारखं केलं. अक्कांनी बोटांनी गोल वाढवला, येलवालच्या थोडा पलीकडे नेला आणि फोन मुलीला दाखवला. साठ तसंच ठेवलं. दवाखान्याच्या दिवशी पडदा बंद राहणार, तेही तसंच. मग किल्ली शेंगांच्या टरफलांवर ठेवली. मुलीनं ती पदराला पुसावी तशी ओढणीला पुसली.

थोड्या वेळानं आज्जींनी विचारलं, "ते बैलकुप्पे, लामा लोकांचं गाव, ते या गोलात येतं का गं?"

"नाही येत, आज्जी," मुलगी म्हणाली. "मेसेज जातो."