मागच्या तीन महिन्यांचे मार्क

घरधनी गेले तेव्हा माझी मुलगी तीन वर्षांची होती. वर्षभरात मी तिला आरोंद्याला आईकडे ठेवलं आणि शिक्षिका होण्यासाठी एक वर्षाच्या ट्रेनिंगला आले. सन पन्नासनंतरची ती पहिली काही वर्षं. वसतिगृहात आम्ही बारा जणी होतो, त्यांत मीच वयाने मोठी. मराठी, भूगोल जमून जाई. गणित मात्र शाळा सुटली तेव्हाच सुटलं होतं.

दर महिन्याच्या शेवटी शंभर मार्कांची चाचणी असे, जुलैपासून मार्चपर्यंत. वार्षिक परीक्षा एप्रिलात, आणि पास व्हायला प्रत्येक विषयात चाळीस लागत. जुलैत मला गणितात बावीस मिळाले, ऑगस्टमध्ये अठ्ठावीस, सप्टेंबरात एकतीस. मी वही मिटून ठेवली आणि ट्रंक आवरायला घेतली.

गणिताच्या बाई बांद्याच्या. वर्गात शुद्ध पुस्तकी बोलत, बाहेर आल्या की आमच्यासारखंच मालवणी. त्यांनी मला बोलावून समोर पाटी ठेवली.

"बेरीज कर. तिन्ही महिन्यांची."

"एक्याऐंशी."

"तिनान भाग."

"सत्तावीस."

"तेच्यात चार घाल. एकतीस. ऑक्टोबरात तुका एकतीस मिळवचे आसत. चाळीस नको, साठ नको. एकतीस."

"पण बाई, एकतीस म्हणजे नापासच."

"आज नापास. पास कधी होवचा तां वार्षिकाक बघूया. दर महिन्याक मागचे तीन घ्यायचे, सरासरी काढायची, चार घालायचे. जुनो महिनो मागे पडतलो, नवो पुढे येतलो."

चारच का, असं मी विचारलं. दोन घातले तर तुला पाऊल टाकल्यासारखं वाटणार नाही आणि दहा घातले तर तू ट्रंक आवरशील, असं त्या म्हणाल्या. ट्रंकेचं त्यांना कोणी सांगितलं ते आजही मला माहीत नाही.

ऑक्टोबरात तेहतीस मिळाले. मला इतका आनंद झाला की तो आकडा मी आईला पत्रात लिहून टाकला. नवी सरासरी एकतीसच्या जवळ आली, म्हणून नोव्हेंबरचं लक्ष्य पस्तीस.

मग दिवाळीची सुट्टी लागली. आरोंद्याला पोचले तेव्हा मुलगी आईच्या लुगड्यामागे लपली होती. मी हात पुढे केला, तर तिने आईला विचारलं, "ही कोण गो?" चार दिवसांनी ती माझ्याजवळ झोपायला लागली आणि दोनच दिवसांनी मला निघावं लागलं. चाचणीत पेपर समोर होता आणि कानात तो प्रश्न. एकोणीस मिळाले.

आठवडाभर मी बाईंना चुकवलं. शेवटी बाईच खोलीवर आल्या आणि माझ्या खाटेवर बसल्या.

"किती?"

"एकोणीस. बाई, माका घराक जावचा आसा. माझा चेडू माका वळखणा नाय."

त्या म्हणाल्या, "तू शिकतंस ता तेच्यासाठीच ना गो?" आणि पाटी मागितली. एकतीस, तेहतीस, एकोणीस. बेरीज त्र्याऐंशी, सरासरी अठ्ठावीसच्या आसपास, चार घालून बत्तीस.

"डिसेंबराक बत्तीस."

"पस्तीस होते ना?"

"आता बत्तीस. तू खाली इलंस, म्हणून आकडो पण खाली इलो. तो तुझ्यासोबतच चलता. ह्या एकोणीस अजून दोन महिने हिशेबात रवतला, मगे आपोआप भायर पडतला."

त्या दिवशी मला गणितातली एक गोष्ट पहिल्यांदा आवडली. वाईट महिना पुसायचा नव्हता आणि जन्मभर वाहायचाही नव्हता.

डिसेंबरला चौतीस मिळाले. जानेवारीचं लक्ष्य मात्र तेहतीसच आलं, कारण एकोणीस अजून हिशेबात होता. जानेवारीला थेट एक्केचाळीस! फेब्रुवारीचं लक्ष्य पस्तीस, मिळाले चव्वेचाळीस. आता एकोणीस मागे पडला. चौतीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस, सरासरी चाळीसला टेकली. बाईंनी मार्चसाठी चव्वेचाळीस लिहून दिले.

मार्चला त्रेचाळीस आले. एका मार्काने हुकलं. मी बाईंना म्हटलं, "एक वाढवा की. भागाकार बरोबर होता, उत्तर लिहिताना चूक झाली."

"नाय गो. चुकला ता चुकला. एका मार्कान काय जीव जाणा नाय," असं म्हणून त्या हसल्या आणि खायला खाजा दिला.

वार्षिक परीक्षेत गणितात सत्तेचाळीस मिळाले. त्या जूनमध्ये मला तोंडवलीजवळच्या एका शाळेत नेमणूक मिळाली. मुलीला आणायला आरोंद्याला गेले, तेव्हा ती दारातच उभी होती. या खेपेला तिने कोणाला काही विचारलं नाही. माझ्या पिशवीत हात घालून खाऊ शोधला आणि म्हणाली, "माका काय हाडलंस?"