क्रॉस गेनोवेफाच्या हाती

आमच्या पोलिश गावातून चेन्स्तोहोवाच्या मारियामातेला जाणाऱ्या पायी यात्रेचे मुक्काम बोगुमिवा आजी सतरा वर्षं ठरवत होत्या. दिवसाला पंचवीस किलोमीटर, दर सहा किलोमीटरला विसावा, दुपारी एकला वाटेतल्या गावकऱ्यांनी रांधलेलं सूप. यंदा नव्या तरुण फादरनी सहा दिवसांची वाट चार दिवसांत बसवली आणि दुपारचं सूपही गाळलं.

"रोज अडतीस? मग गेनोवेफा कशी येणार?" आजींनी विचारलं. गेनोवेफा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, गुडघे त्याहून म्हातारे.

"सामानाच्या गाडीत बसतील त्या."

"ती सामान नाही, फादर."

"आजी, यात्रा मी नेतोय."

"न्या की."

सकाळी निघताना आजींनी सगळ्यांच्या पुढे धरायचा हलका लाकडी क्रॉस गेनोवेफाच्या हाती दिला. क्रॉसच्या पुढे कुणी जात नाही, फादरही नाहीत. सव्वाशे माणसं तिच्या चालीनं निघाली. सहा किलोमीटरवर ती बांधावर बसली, तसे सगळेच बसले.

घड्याळ बघत फादर आजींपाशी आले. "तुमचा मुक्कामांचा जुना कागद आहे का हो?"

आजींनी तो पिशवीतून काढला. "सूप एकलाच आहे. गावकऱ्यांना मी नको म्हणून कळवलंच नव्हतं."