नव्या पेठेची हाक

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी एका मोटारमालकाकडे लेखनकामास राहिलो. मालक दक्षिणेकडील शैव व्यापारी घराण्यातले. घरात कानडी आणि पेढीवर मराठी बोलत. त्यांची एक गाडी साखर पेठेतून निघून मधल्या मारुतीवरून, नव्या पेठेतून रेल्वे स्टेशनवर जाई. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी बाके बसवलेली आणि बाजूंना कॅनव्हासचे पडदे सोडलेले असल्यामुळे आत बसलेल्या माणसास कोठे आलो हे दिसण्याची सोय नव्हती. म्हणून कंडक्टर थांब्याची हाक देई. कोणी उठले तर तो दोरी ओढून ड्रायव्हरजवळची घंटी वाजवी आणि गाडी थांबे. कोणी न उठल्यास गाडी तशीच पुढे जाई.

साखर पेठेकडून चढणारे बहुतेक उतारू विणकर समाजाचे, तेलुगू बोलणारे. मालकांनी मला सांगितले, "मास्तर, हाक दोन्ही भाषांत पाहिजे. तुम्हाला तेलुगू येतं. द्या की बसवून."

मला तेलुगू येत होते हे खरे. त्या लोकांच्या शेजारी बरीच वर्षे भाड्याने राहिलो होतो आणि हौसेने त्यांची लिपीही शिकलो होतो. मी मनापासून कामास लागलो. सार्वजनिक ठिकाणी माणसाला दोन सभ्य शब्दांनी संबोधावे, ही माझी जुनी धारणा. म्हणून मराठी हाक अशी बसवली : "नवी पेठ हा थांबा आता येत आहे. उतरणाऱ्या मंडळींनी आपले सामान घेऊन उतरण्यास सिद्ध व्हावे." तिच्यामागून तेलुगू. तेलुगूत मी पेठांची नावेही सोडली नाहीत. नव्या पेठेचे 'कोत्त पेट' केले. शुद्ध भाषांतर झाले, याचे मला समाधान वाटले होते. त्या समाधानात परोपकार किती आणि पांडित्याची हौस किती, याचा विचार त्या वेळी मनाला शिवला नाही.

कंडक्टर स्वतः विणकराच्या घरातला, चाळिशी गाठलेला, खड्या आवाजाचा माणूस. माग सोडून मोटारीवर आला होता. त्याने सगळे पाठ केले आणि इमानाने म्हणू लागला.

आठवड्याने मालक स्वतः गाडीत बसून आले आणि पेढीच्या पायरीवरूनच म्हणाले, "काय हो मास्तर, कीर्तन लावलंय का गाडीत? गाडी स्टेशनला लागली तरी तुमची नवी पेठ संपत न्हाय की!"

"दोन भाषा म्हटल्यावर जरा लांबणारच," मी म्हणालो.

"मग एक काढा. तेलुगू काढा. सोमवारपासून नुसती मराठी. लोक शिकतील हळूहळू."

मी विरोध केला नाही. विरोध करण्यापूर्वी एकदा ऐकून यावे, असे ठरवले. खरे सांगायचे तर तोवर मी माझी हाक गाडीत बसून एकदाही ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर पेठेत चढलो. माझ्यासमोर एक म्हातारी बसली. डोळ्यांवर हिरव्या कापडाची झापड, हातात औषधाची रिकामी बाटली. शेजारणीशी तिचे तेलुगूत बोलणे चालले होते, त्यावरून कळले की नव्या पेठेतल्या डॉक्टरांकडे डोळ्यांत औषध घालून घ्यायला ती एक दिवसाआड जाते. मुलगा आणि सून दोघेही गिरणीत. सोबतीला कोणी नाही. एक डोळा गेलेलाच होता. दुसरा राहावा म्हणून ही धडपड.

मधला मारुती सुटला. ड्रायव्हरने गिअर बदलायला सुरुवात केली आणि त्याच क्षणी कंडक्टरने हाक सुरू केली. "नवी पेठ हा थांबा" हे शब्द इंजिनाच्या घरघरीत बुडाले. ऐकू आले ते "सिद्ध व्हावे" एवढेच. मग तेलुगू आले. "कोत्त पेट वच्चिंदि..." तोवर गाडी नव्या पेठेच्या तोंडाशी पोहोचली होती. कोणी उठले नाही; माझीच हाक ऐकण्याच्या नादात म्हातारीला सांगायचे मलाही सुचले नाही. पाठीमागच्या बाकावर तिकिटे फाडणाऱ्या कंडक्टरने घंटीच्या दोरीस हात लावला नाही. गाडी पुढे गेली.

म्हातारी शेजारणीला म्हणाली, "कोत्तपेट? इथं कुठलं कोत्तपेट? ते तर माझ्या माहेराच्या पलीकडं!"

शेजारीण हसली. म्हणाली, "मोटार लई लांब चाललीया, अव्वा. उतर, आईला भेटून ये."

म्हातारीही हसली. थोड्या वेळाने मान वर करून तिने कंडक्टरला विचारले, "नवी पेठ वच्चिंदा?"

नवी पेठ आली का, असे ती विचारत होती. तेलुगूतच विचारत होती. पण पेठेचे नाव जसे होते तसेच तिच्या तोंडी आले. या गावात कोणत्याही भाषेचा माणूस त्या पेठेला नवी पेठच म्हणतो. मी ज्याचे भाषांतर केले होते, त्याला भाषांतराची गरजच नव्हती.

"अव्वा, ती मागं गेली," कंडक्टर खजील होऊन म्हणाला.

म्हातारीने बाटली पदरात गुंडाळली. "परवाही अशीच गेली. स्टेशनवरून चालत येईतो डॉक्टरचं दार बंद झालं. आता चालतच येत जाईन बाबा. ठेचा लागतील, पण पेठ तरी चुकायची नाही."

मी तिला हाताला धरून स्टेशनवरून परत नव्या पेठेत आणले. दवाखाना बंद व्हायच्या बेतात होता. डॉक्टरांनी औषध घातले. परतीच्या गाडीने तिला तिच्या गल्लीशी सोडले आणि कंडक्टरला विचारले, "हे नाव इथं कोणी म्हणत नाही, हे तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"गुरुजी, तुम्ही लिहून दिलं होतं. मला वाटलं, सरकारी नाव असंल."

त्या दुपारी आम्ही दोघे रिकाम्या गाडीत बसलो आणि ड्रायव्हरला फेऱ्या मारायला लावल्या. शेवटचा गिअर पडून घरघर खाली बसली की हाक द्यायची, हे पहिल्या फेरीत ठरले. नाव एकदाच घ्यायचे, कारण ते दोन्ही भाषांचे आहे. मग प्रत्येक भाषेचा एकेक शब्द. "नवी पेठ! उतरा, दिगंडी!" एवढ्यावर भागत होते. उतारूला बाटली सावरून उठायला अवधी उरत होता, शिवाय एकदा पुन्हा म्हणण्याइतकी सवडही. मराठीचे 'मंडळींनी' आणि 'सिद्ध व्हावे' गाळताना मला जड गेले. माझ्या सभ्यतेचा वेळ त्या उतारूंच्या वेळातून जात होता, हे मला कोणी सांगितले नव्हते; पण मला ते विचारायला हवे होते.

मालकांना ऐकवले. ते म्हणाले, "एवढंच? मग हे पहिल्या दिवशी का न्हाय सुचलं, मास्तर?"

"मला येत असलेलं सगळं घालायचं होतं," मी म्हणालो.

ते पान लावायला बसले. "ऱ्हाऊ द्या तेलुगू," चुना लावता लावता म्हणाले.

सोमवारी मी पुन्हा साखर पेठेत चढलो. म्हातारी आली नव्हती. तिला कळवणार कोण, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उतरून तिच्या गल्लीत गेलो. ती काठी घेऊन पायी निघण्याच्या तयारीतच होती. "एकदा बसून पाहा," एवढेच म्हणालो. हाक मी बसवली आहे, हे सांगितले नाही. गाडीच्या पुढच्या फेरीला आम्ही दोघे चढलो.

मधला मारुती सुटला, गिअर पडला, आणि कंडक्टरचा आवाज पडद्यापर्यंत स्वच्छ गेला. "नवी पेठ! उतरा, दिगंडी!" म्हातारी चटकन उठली. घंटी वाजली. खाली उतरताना ती त्याला म्हणाली, "आज माझं माहेर गाळलंस रे!"

मी उतरलो नाही. गाडी हलली तेव्हा पडदा बाजूला करून पाहिले. डॉक्टरांच्या ओट्यापाशी तिने चपला काढल्या, पायाने जागेवर सारल्या, आणि हाताने चौकट चाचपडत आत गेली.