पार्लरवालीची हनुवटी

पार्लरवालीचं तोंड हीच तिच्या दुकानाची पाटी. चौतिशी उलटली आणि नेमक्या त्या पाटीवरच, जबड्याच्या कडेकडेने, ठसठसणारे फोड उगवायला लागले. पाळी जवळ आली की त्यांना नुसता ऊत यायचा. बाईने हातातली सगळी विद्या स्वतःवर पाजळली. वाफ घेतली, खसाखसा स्क्रब केला, लेप लावले आणि वर फाउंडेशनचा थर थापला. फोड काही हटेनात.

एकदा बँकेतली मॅनेजरीणबाई खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "आधी स्वतःचं बघ गं!" आणि पुढच्या महिन्यात फिरकलीच नाही. आणखी दोघी गळाल्या. लोकांचे चेहरे हातात घेण्याखेरीज पार्लरवालीला दुसरं येत काय होतं?

शेवटी नणंदेने तिला धरूनच त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चेहऱ्याला हात लावण्याआधी विचारलं, "पाळी वेळेवर येते का?"

"दीड-दोन महिन्यांनी येते. पण मी मुरुमांसाठी आलेय."

"मीही त्याचंच विचारतेय. हनुवटीवर केस येतात?"

"छे!"

नणंद खो खो हसत सुटली. "वहिनी, अहो टीव्ही बघता बघता दोरा फिरवता की हनुवटीवर! दर दोन दिवसांनी!"

पार्लरवाली ओशाळली. हाताला इतकी सवय झाली होती, की ते केस तिच्या खिजगणतीतच नव्हते. धंद्यानेच खूण पुसून टाकली होती.

डॉक्टरीणबाईही हसल्या. "शरीरातल्या पुरुषी हार्मोन्सचा जोर वाढला, की त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात, छिद्रं बुजतात. मोठ्या वयात हे बरेचदा जबड्यापाशीच दिसतं. कधी रक्तात हार्मोन्स नीट असतात, ग्रंथीच हळव्या असतात. तुमच्या पाळीचा आणि केसांचा मेळ बघता रक्त तपासू, सोनोग्राफी करू. आणि ते घासणं आजपासून बंद."

तपासणीत अंडाशयांचंच दुखणं निघालं. औषधं सुरू झाली. गुण यायला काही महिने लागतील, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पण तोवर थापायचं किती? एका सकाळी चिडून तिने तोंड धुतलं आणि तशीच दुकानात जाऊन बसली. लाज वाटत होतीच.

नेमकी मॅनेजरीणबाई दारात. दुसरीकडचं पार्लर तिला मानवलं नसावं. "अगं बाई, हे काय झालं तोंडाचं?"

"हार्मोन्स," पार्लरवाली म्हणाली. "डॉक्टरांचं औषध चालू आहे. बसा, काय करायचं?"

"नेहमीचंच. हनुवटी."

दोरा ताणता ताणता पार्लरवालीचा हात थांबला. किती वर्षं हे केस ती मुकाट्याने काढत आली होती! मॅनेजरीणबाईच्या जबड्याखाली पावडरीत बुडवलेले चार-पाच लाल फोड होते.

"ताई, रागावू नका. तुमची पाळी वेळेवर येते?"

मॅनेजरीणबाईने गळ्याभोवतीचा नॅपकिन काढला. मग उठली. हेही गिऱ्हाईक गेलं, असं पार्लरवालीला वाटलं.

मॅनेजरीणबाईने दार आतून लावून घेतलं आणि ती परत खुर्चीत येऊन बसली. "चार महिने झाले," ती हळूच म्हणाली, "मी कुणाला सांगितलंच नाहीये गं."