आबांना बोलावणं आलंच नव्हतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या भावाला नाही, शेजारच्या शकिलाभाभीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही कोण, कुठले, मला ठाऊक नाही. म्हणूनच जीभ थोडी सैल होतेय म्हणा ना.

माझं लग्न उशिरा झालं. तेहतिसावं सरून गेलेलं. इंदापुरात दोन खोल्या भाड्यानं घेऊन मी पोरींना शिवण शिकवायची. आबा चोपन्नाचे, बायको जाऊन काही वर्षं झालेली. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायला लागले — नवऱ्याला असं कुणी म्हणतं का? पण जीभच वळायची नाही दुसरं काही म्हणायला.

दिसायला मात्र गडी ताठ. सकाळी चालायला निघाले की मी मागं पडायची. पुढं जाऊन थांबायचे, मागं वळून म्हणायचे, "म्हातारे, ये की लवकर." मी तेहतिशीची म्हातारी! हसून हसून माझ्या पोटात दुखायचं.

माझा दादा कऱ्हाटीचा. त्याला हे लग्न मान्य नव्हतं. म्हणाला, "आज त्यो तुझा हात धरंल. उद्या तुला त्याला धरावं लागंल, तवा तुझ्या हातात जोर असंल का?" मला राग आला होता. खरं बोलणाऱ्याचा येतो तसा.

आणि आबांचा मुलगा महेश, जळोचीला राहणारा. त्याचंही मन नव्हतं. शेवटी बैठक बसली. दोन्हीकडची चार वडीलधारी माणसं, चहा, सुपारी. शेत आणि जळोचीचं घर महेशचं. आबा इंदापुरात जे दोन खोल्यांचं घर घेतील, त्यात मी मरेपर्यंत राहायचं. हे सगळं ठरलं, तरी महेशनं सुपारी उचलली नाही. मग म्हणाला, "काकू, एकच हाय. आबा थकल्यावर त्यांचं तुमी करायचं. तवा आमच्याकडं बोट दाखवायचं न्हाय."

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "करीन. शेवटपर्यंत करीन."

त्या एका शब्दावर लग्नाला होकार मिळाला. शब्द द्यायला काय लागतं हो? समोर ताठ चालणारा माणूस होता.

पुढची वीसेक वर्षं मात्र सुखाची गेली, हे सांगितलंच पाहिजे. बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तोवर आबांना पंचाहत्तरी उलटल्यामुळं पूर्ण फुकट होतं. बारामतीला निघालो की कंडक्टरला म्हणायचे, "हिचं अर्धं, माझं फुकट. सगळा संसार अर्ध्या तिकिटात चाललाय बघा." लासुर्ण्यापर्यंत आजूबाजूची माणसं हसत असायची. एकदा एका बाईनं मला विचारलं, वडलांना खिडकीत बसवू का? मी खाली बघितलं. आबाच म्हणाले, "बसवा की. लेक ऐकत न्हाय माझं."

मग कंपवात आला. आधी हाताला, मग चालीला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. दारातनं बाहेर पडायचं तर उंबऱ्यापाशीच खिळून उभे राहायचे. मी म्हणायची, एक-दोन, एक-दोन — त्या तालावर पाऊल सुटायचं. गोळी वेळेवर गेली तर बरं, उशीर झाला की अंग लाकूड. अंथरुणात कूस स्वतःची स्वतःला बदलता यायची नाही. खाली चादर घालून, ती ओढून मी त्यांना वळवायची. रात्रीतनं तीन-तीन वेळा. आणि सकाळी दहाला दारात शिवणाच्या पोरी.

मी तेव्हा पंचावन्न उलटलेली. तुम्हाला सांगते, त्या वयात बाईला पहिल्यांदा जरा मोकळं वाटायला लागतं. माझ्या क्लासच्या पोरी दुकानं काढत होत्या, मला उद्घाटनाला बोलवत होत्या. मला जायचं असायचं. आबांना मी घरात हवी असायची. चिडायचे नाहीत, नुसतं विचारायचे, "लवकर येशील ना?" ते ऐकलं की मला आतनं संताप यायचा. त्यांचा नाही... का त्यांचाच? आज तरी कशाला खोटं बोलू. त्यांचाच.

एक दिवस दुपारी न्हाणीघरात पाय घसरला. लागलं नाही, पण बसले ते बसलेच. मला उचलवेना. काखेत हात घालून बघितलं, कंबरेत कळ आली. शेवटी मीही शेजारी ओल्या फरशीवर बसले. दोघंही हसलो. मग शकिलाभाभीचा मुलगा दुकानातनं आला, त्यानं उठवलं. अंग पुसताना आबा म्हणाले, "मला या घरातनं हलवू नको बरं का." मी म्हटलं, नाही हलवत.

दुसऱ्या दिवशी मी महेशला फोन केला.

आणि कुणाला न सांगितलेलं ते हेच. मी त्याला सांगितलं, आबांना शेवटचे दिवस लेकाच्या दारात काढायचेत, रोज तुझं नाव काढतात, पण तोंडानं मागायला लाजतात. महेश लगेच गाडी घेऊन यायला तयार झाला.

फोन ठेवला आणि आत जाऊन आबांना म्हणाले, महेश हट्टाला पेटलाय. न्यायचंच म्हणतोय.

मी थकले, एवढंच म्हणायचं होतं. दोघांपैकी कुणालाही. पण बैठकीत दिलेला शब्द मोडलेला दिसला असता ना. मला शब्दही मोडायचा होता आणि तोंडही उजळ ठेवायचं होतं.

आबांनी विश्वास ठेवला. थरथरत्या हातानं स्वतः दाढी केली, दोन ठिकाणी कापलं. नवा सदरा मागितला. गाडीत बसताना महेशला म्हणाले, "बोलावलंस, बरं केलंस." महेश म्हणाला, "तुमीच तर —"

"ऊन वाढतंय, निघा," मी म्हणाले, आणि गाडीचं दार लावलं.

त्या रात्री मी गाढ झोपले. उठले तेव्हा ऊन अंगणात आलं होतं.

दर रविवारी जळोचीला जायची. कंडक्टर विचारायचा, आबा कुठंयत? सून सुरेखा त्यांचं मनापासून करायची. वर्षभरात तिलाही कंबरेला पट्टा लागला, मी बघत होते. एका रविवारी ती स्वयंपाकघरात असताना आबांनी माझा हात धरला. "महेशचा हट्ट फिटला असंल आता. घरी जाऊया का?"

मी म्हणाले, "पोरगं दुखावंल, आबा."

त्यांनी मान हलवली. पुन्हा कधी विचारलं नाही. मुलाचं मन राखायचं म्हणून तिथं राहिले, आणि तिथंच गेले. लेकाचं प्रेम मी त्यांच्या दाराला कडीसारखं लावलं होतं.

दहाव्याला महेश सगळ्यांसमोर म्हणाला, "आबांची इच्छा म्हणून आईनं मन मोठं करून त्यांना आमच्याकडं धाडलं." मला त्यानं पहिल्यांदाच आई म्हटलं. मी पदर डोळ्याला लावला आणि गप्प बसले. अजूनही तो मला आईच म्हणतो.

आता माझेही गुडघे बोलतात. मागच्या महिन्यात न्हाणीघरात भिंतीला धरायला गज बसवून घेतला. कोपऱ्यावरच्या वेल्डरनं सकाळी माप घेतलं, दुपारी बसवून गेला. एवढंच काम होतं. आबा घरात होते तेव्हा मी त्याला विचारलंही नव्हतं.